‘नवीन काय आहे’च्या पाचशे अक्षरांत

प्ले स्टोअरवर कुठल्याही अ‍ॅपचं पान उघडलं की खाली ‘नवीन काय आहे’ असा एक कोपरा दिसतो. अ‍ॅप बनवणाऱ्याला तिथे प्रत्येक भाषेसाठी 500 अक्षरं मिळतात. अ‍ॅपलच्या स्टोअरवर हीच जागा 4000 अक्षरांची आहे, पण पहिल्या काही ओळींनंतर मजकूर दुमडलेला असतो आणि बोट लावून उलगडल्याशिवाय पुढचा दिसत नाही. या जागेत बहुतेक वेळा एकच ओळ सापडते: किरकोळ दुरुस्त्या आणि कामगिरीत सुधारणा. महिन्यातून दोनदा अपडेट येतं आणि महिन्यातून दोनदा हीच ओळ येते. लहानशा अ‍ॅपच्या लहानशा अपडेटसोबत नेमकं काय लिहावं, या प्रश्नाला आजवर निरनिराळ्या लोकांनी काय उत्तरं दिली आणि त्यांतलं कामाचं काय, ते इथे पाहायचं आहे. नव्या सोयींची यादी हा या टिपणातला सोपा भाग. कस लागतो तो जुनी सवय मोडणाऱ्या बदलाबद्दल लिहिताना, आणि नेमका तोच बदल बहुतेक टिपणांतून गळतो.

प्रश्न स्टोअरपेक्षा जुना आहे. ग्नू प्रकल्पाच्या लोकांनी फार आधी त्याचे दोन तुकडे केले होते. प्रत्येक प्रोग्रॅमसोबत `ChangeLog` नावाची एक फाइल असायची. कुठल्या फंक्शनमध्ये कुणी काय बदललं, हे तिच्यात, प्रोग्रॅमरांसाठी. आणि `NEWS` नावाची दुसरी फाइल. वापरणाऱ्याला जाणवेल तेवढंच तिच्यात. ईमॅक्स या संपादकात आजही Ctrl-h दाबून n दाबलं की ती दुसरी फाइल प्रोग्रॅमच्या आतच उघडते. डेबियनवाले आणखी पुढे गेले. त्यांच्याकडे पॅकेजची रोजची नोंदवही वेगळी आणि `NEWS.Debian` वेगळी. या दुसऱ्या फाइलमध्ये लिहायचं ते फक्त वापरणाऱ्याने सावध व्हावं असं काही असेल तेव्हा. ज्याने `apt-listchanges` बसवून घेतलं आहे, त्याला ती बातमी नवी आवृत्ती बसण्याआधी समोर दिसते. म्हणजे ‘काय नवीन’ आणि ‘कशाने अडाल’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि दुसरी आधी सांगायची, हे तिथे तेव्हाच ठरलं होतं.

पुढे गिट आलं आणि आळसाला वाट मिळाली. प्रत्येक बदलासोबत प्रोग्रॅमर एक ओळ लिहितोच, मग त्याच ओळी गोळा करून लोकांसमोर ठेवल्या की काम झालं. याच सवयीला वैतागून ओलिव्हिए लाकान याने 2014 मध्ये ‘कीप अ चेंजलॉग’ नावाचा एक छोटा नियमपाठ लिहिला. बदलांची नोंद माणसांसाठी असते, यंत्रासाठी नव्हे, असं त्याचं म्हणणं. नवं, बदललेलं, लवकरच जाणारं, काढलेलं, दुरुस्त केलेलं आणि सुरक्षेचं, असे सहा कप्पे त्याने करून दिले. प्रोग्रॅमर एकमेकांसाठी कोड प्रसिद्ध करतात तिथे ही पद्धत उत्तम चालते आणि आज ती सगळीकडे दिसते. पण भाजीचा हिशेब ठेवणाऱ्या अ‍ॅपच्या टिपणात हे कप्पे जसेच्या तसे आणले की वाचणारा पहिल्याच मथळ्यापाशी थबकतो. एखादी गोष्ट ‘नवं’मध्ये बसते की ‘बदललेलं’मध्ये, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

मोठ्या कंपन्यांनी उलटा रस्ता धरला: काहीच सांगायचं नाही. फेसबुकसारख्या अ‍ॅपच्या टिपणात कित्येक वर्षं आभार आणि नियमित अपडेटचं आश्वासन एवढंच असायचं. लोक याला उर्मटपणा म्हणतात, पण त्यामागे एक खरं कारण आहे. या अ‍ॅपांत नवी सोय आवृत्तीसोबत सुरूच होत नाही. कोड फोनमध्ये आधी जाऊन बसतो आणि कंपनीच्या सर्व्हरवरून कळ फिरवली की कुणाला आज, कुणाला पुढच्या महिन्यात, कुणाला कधीच नाही अशी ती सोय दिसते. एकाच आवृत्तीत दोन शेजाऱ्यांना दोन वेगळी अ‍ॅपं दिसत असतील, तर टिपणात खरं असं काय लिहिणार? सुरक्षेच्या दुरुस्त्यांचंही तसंच. क्रोमवाले उघड सांगतात, की बहुतेकांचं अपडेट होईपर्यंत त्रुटीचा तपशील झाकलेला राहील. कारण तो आधी छापला तर चोराच्या हाती किल्ली दिल्यासारखं होईल. ही दोन्ही कारणं पटण्यासारखी आहेत. मात्र दोन माणसांनी चालवलेल्या अ‍ॅपला ती लागू होत नाहीत. त्यांच्याकडे सर्व्हरवरच्या कळाही नसतात आणि हजार प्रयोगही. ते केवळ मोठ्यांची ओळ उचलतात.

मधल्या काळात विनोदी टिपणांची लाट येऊन गेली. स्लॅक आणि मीडियम यांची टिपणं लोक हौसेने वाचत आणि एकमेकांना दाखवत. ती लिहिणाऱ्यांचा हात चांगला होता, त्यामुळे विनोदाच्या आडून माहितीही पोहोचायची. नकला करणाऱ्यांना तेवढं जमलं नाही. सकाळी सहाला प्रिंटर चालेना म्हणून टिपण उघडणाऱ्या माणसाला कोटी नको असते.

नियम काय म्हणतात, तेही पाहू. अ‍ॅपलच्या परीक्षण-नियमांतलं 2.3.12 हे कलम याच जागेबद्दल आहे. साध्या दुरुस्त्या, सुरक्षा किंवा वेग यांच्यासाठी ठोकळेबाज ओळ चालेल, पण मोठे बदल टिपणात लिहिलेच पाहिजेत, असं ते सांगतं. गूगलचं म्हणणं, ही जागा जाहिरातीसाठी किंवा लोकांना काही करायला लावण्यासाठी वापरू नका. म्हणजे ‘आवडलं तर पाच तारे द्या’ हे इथलं वाक्य नव्हे. ते सर्रास दिसतं, ही गोष्ट वेगळी.

मोठा बदल कशाला म्हणायचं, यावरून मात्र प्रत्यक्षात रण माजलं, आणि तेही हा नियम लिहिणाऱ्या कंपनीच्याच बाबतीत. जानेवारी 2017 मध्ये आयफोनसाठी आयओएस 10.2.1 आलं. सोबतच्या मजकुरात दुरुस्त्या आणि सुरक्षा एवढंच होतं. त्या सुमारास आयफोन 6 आणि 6 एस वापरणाऱ्या अनेकांचे फोन बॅटरी शिल्लक असतानाही अचानक बंद पडत होते. जुन्या झालेल्या बॅटरीला जड कामाच्या क्षणी लागणारा प्रवाह पुरवता येत नव्हता, हे त्याचं कारण. नव्या आवृत्तीने उपाय केला तो असा, की बॅटरी थकलेली असेल तर प्रोसेसरचा वेग गरजेनुसार खाली आणायचा. उपाय म्हणून तो समंजस होता. महिन्याभराने टिपणात ‘वीज-व्यवस्थापनात सुधारणा’ अशा अर्थाची एक ओळ वाढवली गेली. वेग कमी होईल, हे तिच्यातही नव्हतं. डिसेंबर 2017 मध्ये गीकबेंच या वेगमापन प्रोग्रॅमच्या जॉन पूलने जुन्या आयफोनांच्या वेगाचे आलेख प्रसिद्ध केले. एकाच जातीच्या फोनांचे वेग आयओएसच्या आवृत्तीप्रमाणे निरनिराळ्या टप्प्यांवर विखुरलेले त्यांत दिसत होते. त्यानंतर कंपनीने कबूल केलं, माफी मागितली, बॅटरी बदलण्याचा दर अमेरिकेत 79 डॉलरवरून 29 वर आणला आणि पुढच्या मार्चमध्ये आलेल्या आयओएस 11.3 मध्ये बॅटरीची प्रकृती दाखवणारं पान दिलं. फेब्रुवारी 2020 मध्ये फ्रान्सच्या ग्राहक-संरक्षण यंत्रणेने 2 कोटी 50 लाख युरोंचा दंड जाहीर केला. अपडेटने फोन मंदावू शकतो हे ग्राहकांना सांगितलं नाही, हा त्यातला ठपका होता.

या प्रकरणातलं दुखणं वेगळंच आहे. लोकांचा राग वेग घटल्यापेक्षा न सांगण्यावर होता. फोन मंद झाला म्हणून कित्येकांनी नवा घेतला, आणि बॅटरी बदलून काम भागलं असतं. ‘बॅटरी जुनी झाली असेल तर फोन अचानक बंद पडू नये म्हणून जड कामाच्या वेळी वेग कमी केला जाईल, बॅटरी बदलली की वेग परत येईल’ एवढी ओळ 500 अक्षरांत सहज मावली असती. टिपणात खोटं काही नव्हतं. वापरणाऱ्याला निर्णय घ्यायला जे वाक्य हवं होतं, तेवढंच नव्हतं.

आता लहान अ‍ॅपाकडे येऊ. समजा, गावातल्या दूध संकलन केंद्राचं एक अ‍ॅप आहे. हे विशिष्ट अ‍ॅप काल्पनिक, पण काम ओळखीचं. सकाळ-संध्याकाळ गवळी रांगेत कॅन घेऊन उभे असतात. केंद्राचा सचिव सभासद क्रमांक, लिटर, फॅट आणि एसएनएफ भरतो, अ‍ॅप दरपत्रकावरून भाव काढतं, ब्लूटूथच्या प्रिंटरवर पावती निघते आणि दहा दिवसांनी बिल होतं. दोन वर्षं न हललेल्या या अ‍ॅपचं अपडेट तयार आहे आणि प्रोग्रॅमरची नोंद अशी:

```
feat: offline queue for collection entries
feat: share slip as image
fix: amount truncated to int in BillCalc
fix: crash on empty rate chart
chore: targetSdk 30 -> 34
refactor: BillAdapter cleanup
```

सचिवासाठी यातून काय काढायचं? शेवटची ओळ आधी उडवू. कोडची झाडलोट झाली, त्याने वापरणाऱ्याच्या हाताला काहीच लागत नाही. बाकीच्या पाचांचं वजन मात्र या यादीतल्या क्रमापेक्षा फार वेगळं आहे.

सगळ्यांत निरुपद्रवी दिसते ती पाचवी ओळ. `chore` म्हणजे किरकोळ काम, आकडा 30 चा 34 केला. हे प्रोग्रॅमरने हौसेने केलेलं नसतं. 31 ऑगस्ट 2024 पासून प्ले स्टोअरवर अपडेट चढवायचं तर अ‍ॅप अँड्रॉइड 14 च्या नियमांप्रमाणे वागतं असं जाहीर करणं सक्तीचं झालं, आणि ही अट दरवर्षी एकेक पायरी वर सरकते. ‘काहीच नवं नाही, मग अपडेट कशाला’ असं वाटायला लावणारी बरीच अपडेटं याच तारखेच्या धाकाने निघतात. पण नियम बदलले की त्यांच्यासोबत वागणं बदलतं. अँड्रॉइड 12 पासून ब्लूटूथच्या जोडणीसाठी आजूबाजूच्या उपकरणांची वेगळी परवानगी लागते. जुन्या नियमांनी चालणाऱ्या अ‍ॅपला ती विचारावी लागत नव्हती; नव्या आकड्यानंतर विचारावी लागेल. म्हणजे उद्या सकाळी रांग लागलेली असताना सचिवाच्या फोनवर एक अनोळखी प्रश्न येणार. बँकेच्या नावाने येणाऱ्या फसव्या मेसेजांनी सावध झालेला माणूस साहजिकच ‘नको’ दाबणार आणि पावती निघायची थांबणार. प्रोग्रॅमरच्या लेखी जे किरकोळ काम, ते केंद्रावरचं सगळ्यांत मोठं विघ्न. टिपणात ते आलंच पाहिजे, आणि कोणत्या फोनवर हेही आलं पाहिजे. नाहीतर अँड्रॉइड 11 वाला सचिव न आलेल्या प्रश्नाची वाट बघत बसेल.

तिसरी ओळ पैशांची. रक्कम काढताना रुपयांपुढचे पैसे सोडून दिले जात होते. 6.3 लिटर दूध, दर 34 रुपये 60 पैसे, गुणाकार 217 रुपये 98 पैसे. अ‍ॅपने धरले 217. एका खेपेला 98 पैशांचं कुणाला काय, असं वाटेल. पण दहा दिवसांत वीस खेपा होतात. खेपेमागे सरासरी अर्धा रुपया धरला तरी सभासदाचे बिलामागे दहा रुपये गेले, आणि केंद्रावर दीडशे सभासद असतील तर दीड हजार. शिवाय चूक दरवेळी एकाच बाजूला झुकते, गवळ्याच्या विरुद्ध.

इथे टिपण लिहिणाऱ्याचा हात आखडतो. ‘बिल मोजणीत सुधारणा’ असं लिहिलं की सुटलो, असं वाटतं. पण पुढे काय होईल? अपडेटनंतरचं पहिलं बिल दहा-बारा रुपयांनी जास्त निघेल, कुणीतरी जुनं बिल शेजारी ठेवील आणि सचिवाला विचारील, की आधीचे पैसे कुठे गेले. त्याच्याकडे उत्तर नसेल. अ‍ॅपची चूक त्याच्या अंगावर जाईल, आणि गावात असल्या गोष्टी लवकर मिटत नाहीत. म्हणून तीन गोष्टी लिहायच्या: काय चुकत होतं, आता काय होईल, आणि मागच्या बिलांचं काय. तिसरी गोष्ट सर्वाधिक गाळली जाते. मागची बिलं अ‍ॅपने आपोआप बदलली असतील तर सचिवाच्या हातातले कागद आणि फोनमधले आकडे जुळणार नाहीत. बदलली नसतील तर फरक कुठे पाहायचा ते सांगायला हवं. आणि हे लिहायला बसलं की कधी कधी ध्यानात येतं, की फरक दाखवणारं पान अ‍ॅपमध्ये केलेलंच नाही. ते लिखाणाच्या टेबलावर कळलं तर उत्तमच. अपडेट दोन दिवस थांबवता येतं.

पहिली ओळ म्हणजे खरी नवी सोय: रेंज नसतानाही नोंद करता येईल. डोंगराकडेच्या गावांत याच्यासाठी लोक टाळ्या वाजवतील. पण सोयीलाही कडा असतात. नोंदी सर्व्हरवर जाईपर्यंत त्या फक्त फोनमध्ये असतात. अ‍ॅप अडकलं की काढून टाकून पुन्हा टाकायचं, ही आपल्याकडची सार्वत्रिक दुरुस्ती. ती या अवस्थेत केली तर सकाळची सगळी खेप गेली. दुसरी कड: केंद्रावर दोन फोन असतील आणि दोघांनी रेंज नसताना एकाच सभासदाचं दूध नोंदवलं, तर रेंज आल्यावर दोन नोंदी होतील. हा दोष अजून सुटलेला नाही. फायरफॉक्सच्या टिपणांत अशा गोष्टींसाठी ‘न सुटलेलं’ असा स्वतंत्र कप्पाच असायचा. लहान अ‍ॅपवाले हे लिहायला कचरतात, त्यांना वाटतं आपणच आपली बदनामी करतोय. प्रत्यक्षात दोष लोकांना सापडतोच. आधी सांगितलेला असला तर फोन करणारा माणूस ‘ते दोन नोंदींचं झालंय’ एवढंच म्हणतो आणि पाच मिनिटांचं काम एका मिनिटात होतं.

उरलेल्या दोन ओळी सोप्या. पावतीचं चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येईल, आणि दरपत्रक रिकामं असताना अ‍ॅप बंद पडणार नाही. आता सगळं एकत्र लिहू:

• पैसे: रकमेतले पैसे धरले जात नव्हते, ते आता धरले जातील. मागची बिलं तशीच आहेत. फरक ‘अहवाल’मध्ये पाहा.
• प्रिंटर: अँड्रॉइड 12 पासून पुढच्या फोनवर अ‍ॅप एक नवी परवानगी मागेल. ती दिली तरच पावती छापली जाईल.
• रेंज नसतानाही दूध नोंदवता येईल. वरचा आकडा शून्य होईपर्यंत अ‍ॅप काढू नका.
• दोन फोन असतील तर रेंज नसताना एकाच फोनवर नोंदवा.
• पावती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येईल.
• दरपत्रक भरलेलं नसताना अ‍ॅप बंद पडायचं, ते थांबलं.

प्रोग्रॅमरच्या नोंदीत पहिली असलेली सोय इथे तिसरी झाली आणि पाचवी असलेली ओळ वर चढली. क्रम ठरवण्याची माझी पद्धत साधी आहे: आधी पैसा, मग ज्याने काम अडेल ते, मग नवं, शेवटी दुरुस्त्या. काही जण नवी सोय वर ठेवा म्हणतात, कारण माणूस पहिलीच ओळ वाचतो. माझा मुद्दा तोच आहे. पहिलीच ओळ वाचून सोडणार असेल, तर ती अडवणारी असू द्या. सोय त्याला वापरताना सापडेलच. ‘वरचा आकडा’ हे शब्दही मुद्दाम आहेत. ‘सिंक पूर्ण होईपर्यंत’ असं लिहिता आलं असतं, पण सचिवाला पडद्यावर सिंक दिसत नाही, सर्व्हरवर जायच्या राहिलेल्या नोंदींचा वरच्या कोपऱ्यातला आकडा दिसतो. पडद्यावर जे दिसतं त्याच्याच नावाने बोललं की ओळ आपसूक साधी होते.

मजकूर 500 च्या आत बसतो, चारशेच्या थोडा पुढे जातो. वाचताना तो त्याहून बराच आखूड वाटतो, आणि इथे मराठीत लिहिणाऱ्याची एक खास अडचण आहे. स्टोअर जी अक्षरं मोजतं ती युनिकोडची. आपल्याला ‘नोंदवता’ या शब्दात चार अक्षरं दिसतात. मोजणीत ती सात भरतात, कारण काना, मात्रा, अनुस्वार प्रत्येकी वेगळे धरले जातात. जोडाक्षरात तर हलन्तही वेगळा मोजला जातो, ‘क्षि’ एकट्याने चार जागा खातो. ‘अ‍ॅप’ या दोन अक्षरी शब्दाच्या पोटात न दिसणारं एक जोडचिन्ह असू शकतं, तेही मोजणीत येतं. त्यामुळे इंग्रजी टिपण 480 ला आणून मराठीला ‘तेवढंच’ करायला गेलं की शेवटची ओळ बाहेर पडते, आणि शेवटी बहुधा तीच ओळ असते जी कुणीतरी आग्रहाने घालायला लावलेली असते. मराठी आधी लिहावं, असं मी म्हणेन, निदान ज्याचे वापरणारे मराठी आहेत त्याने. प्लेच्या कन्सोलमध्ये दोन्ही भाषा एकाच खोक्यात अशा भरतात:

```
<mr-IN>
• रेंज नसतानाही दूध नोंदवता येईल.
</mr-IN>
<en-US>
• Record milk even without network.
</en-US>
```

ज्या भाषेचं टिपण दिलेलं नाही तिथे मूळ भाषेचं दिसतं. म्हणून मराठी फोन वापरणाऱ्याला अचानक इंग्रजी मजकूर दिसला, तर बहुतेक वेळा कुणीतरी घाईत हा वरचा तुकडा भरलेला नसतो. अ‍ॅप एफ-ड्रॉइडवरही असेल तर तेच टिपण `fastlane/metadata/android/mr-IN/changelogs/` या फोल्डरमध्ये आवृत्तीच्या अंतर्गत क्रमांकाच्या नावाने `.txt` फाइल करून ठेवायचं. मर्यादा तिथेही 500 च.

एवढं निगुतीने लिहिलेलं वाचतं कोण, हा प्रश्न रास्त आहे. 2013 मध्ये आयओएस 7 सोबत अ‍ॅपं आपोआप अपडेट होऊ लागली, अँड्रॉइडवर ती सोय त्याआधीपासून होती. 2019 च्या आयओएस 13 मध्ये अपडेटांचा स्वतंत्र कप्पाही गेला आणि ती यादी खात्याच्या चित्रामागे जाऊन बसली. रात्री फोन चार्जिंगला असताना अपडेट होतं. सकाळी बदल दिसतो, टिपण नाही. त्यामुळे स्टोअरवरचा मजकूर आता नोंद म्हणून उरला आहे, आणि सांगण्याचं काम दुसरीकडे करावं लागतं. अपडेटनंतर अ‍ॅप पहिल्यांदा उघडलं की एक लहान पाटी दाखवायची, तिच्यावर सगळं टिपण ओतायचं नाही, फक्त अडवणाऱ्या एक-दोन ओळी ठेवायच्या. परवानगीबद्दलचं वाक्य तर त्याहून जवळ, परवानगीचा प्रश्न येण्याच्या अगदी आधीच्या पडद्यावर दिसलं पाहिजे. आणि आपल्याकडे प्रत्यक्षात सगळ्यांत जास्त वाचलं जातं ते सचिवांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडलेलं टिपण. तिथे ते पुढे पाठवलं जातं, तारीख मागे राहते, म्हणून आवृत्ती क्रमांक आणि तारीख मजकुराच्या पहिल्याच ओळीत हवी. नाहीतर गेल्या वर्षीचं टिपण यंदा फिरत राहतं आणि परवानगी न विचारणाऱ्या फोनवर लोक परवानगी शोधत बसतात.

एक गुंता त्यातूनही उरतो: अपडेट सगळ्यांना एका दिवशी मिळत नाही. अ‍ॅपलवर टप्प्याटप्प्याने सोडायचं ठरवलं तर सात दिवसांत 1, 2, 5, 10, 20, 50 आणि 100 टक्के फोनांवर ते आपोआप पोहोचतं. मात्र ज्याला घाई आहे तो स्टोअरमध्ये जाऊन पहिल्याच दिवशी हाताने घेऊ शकतो. प्लेवर टक्का आपण ठरवतो, आणि ज्याचा फोन त्या टक्क्यात आला नाही त्याला ते स्टोअरमध्ये शोधूनही मिळत नाही. ग्रुपवर टिपण टाकायची वेळ यावरून ठरते. पहिल्या दिवशी टाकलं तर ‘मला का नाही आलं’ असे फोन सुरू होतात आणि काही जण कुठल्याशा लिंकवरून अ‍ॅपची फाइल उतरवून घेतात, जे टाळायलाच हवं. अ‍ॅपलसाठी ‘स्टोअरमधून घ्या’ असं लिहिता येतं. प्लेसाठी, टक्का शंभरावर गेल्यावरच ग्रुपवर टाकावं. आणि पैशांसारखी दुरुस्ती असेल तर टप्पे फार रेंगाळू देऊ नयेत, कारण मधल्या काळात एका केंद्रावर पैसे धरले जातात आणि शेजारच्या गावात कापले जातात. दहा दिवसांचं बिल निघण्याच्या तारखा 1, 11 आणि 21 असतील, तर अपडेट 2 ला सुरू करून 9 पर्यंत पूर्ण करायचं, म्हणजे 11 पासूनचं बिल सगळीकडे पहिल्या खेपेपासून नव्या हिशेबाने सुरू होतं.